कांदा-लसूण मसाल्याची बोली

अ‍ॅमेझॉनवर "kanda lasun masala" असं टाइप करून शोधलं की वरच्या ओळीत दिसणाऱ्या पाकिटांपैकी काहींवर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं आढळतं. ती जागा विक्रेत्याने पैसे देऊन मिळवलेली असते. त्याखालची पाकिटं मात्र अ‍ॅमेझॉनने स्वतःच्या हिशोबाने लावलेली असतात. तिथे पैसे भरून जाता येत नाही. गिऱ्हाईक सहसा हा फरक लक्षात घेत नाही, समोर दिसेल ते उघडतं. विक्रेत्याच्या नफ्या-तोट्याचा हिशोब मात्र याच फरकावर ठरतो.

घरगुती मसाले, पापड, चामड्याच्या चपला, तांब्याची भांडी ऑनलाइन विकणारे कित्येक छोटे विक्रेते या जाहिरातींवर पैसे घालतात आणि महिनाअखेर ते गेले कुठे हे त्यांना उमगत नाही. फ्लिपकार्टवरही अशाच जाहिराती असतात, पण इथे अ‍ॅमेझॉनचंच उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरात एक कुटुंब कांदा-लसूण मसाला बनवतं आणि अर्ध्या किलोचं पाकीट 400 रुपयांना विकतं. पुढचे सगळे आकडे या कल्पित कुटुंबाचे आहेत. आपले आकडे त्यांच्या जागी घालून कुणालाही हाच हिशोब करता येईल.

या जाहिरातीचे पैसे ती नुसती दिसल्याबद्दल कापले जात नाहीत. कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच कापले जातात. मग त्याने मसाला घेतला काय किंवा नुसता फोटो बघून तो मागे फिरला काय, क्लिकचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून पहिला प्रश्न असा की एका क्लिकसाठी आपल्याला जास्तीत जास्त किती मोजता येतील. बहुतेक जण हे उत्तर अ‍ॅमेझॉनच्या पडद्यावर शोधतात. ते मिळतं आपल्या वहीत.

400 रुपयांतले 19 रुपये 5 टक्के जीएसटीचे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, दळण, पाकीट, लेबल आणि मजुरी मिळून 150. अ‍ॅमेझॉनचं कमिशन, इतर शुल्क आणि कुरियर मिळून 120. वाटेत फुटणारी आणि परत येणारी पाकिटं लक्षात घेऊन प्रत्येक पाकिटामागे 11. हे सगळं जाऊन हातात उरतात 100 रुपये. जाहिरातीचा खर्च यातूनच करायचा आहे. विक्रीच्या दर 100 रुपयांमागे जाहिरातीवर किती गेले, त्या टक्केवारीला या धंद्यात ‘अ‍ॅकॉस’ म्हणतात. आपल्या मसाल्यासाठी ती मर्यादा 25 टक्के. अ‍ॅकॉस 25 वर असेल तर नफाही नाही, तोटाही नाही. त्यापुढे गेला की प्रत्येक विक्रीत खिशातून पैसे जातात.

आता दुसरा आकडा. पाकिटाचं पान उघडणाऱ्या शंभरांपैकी किती जण विकत घेतात? समजा दहा. म्हणजे एका विक्रीमागे दहा क्लिक लागतात, हातात उरणारे 100 रुपये या दहांत वाटले जातात आणि क्लिकची कमाल किंमत 10 रुपये ठरते. यात आणखी एक खाच आहे. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्याला तो इनपुट क्रेडिटमधून वळता करता येतो. कंपोझिशन योजनेत असलेल्याला तशी सोय नाही. त्याच्यासाठी हीच मर्यादा 8 रुपये 47 पैशांवर येते. दीड रुपया किरकोळ वाटतो, पण महिन्याला हजार क्लिक झाले तर तेच दीड हजार रुपये होतात.

हा आकडा हातात असला की लिलावाची भीती वाटत नाही. कुणी "kanda lasun masala" शोधलं की त्याच क्षणी, त्या एका शोधापुरता, या शब्दासाठी पैसे लावून बसलेल्या विक्रेत्यांत लिलाव होतो. आपण लावलेली बोली ही वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात ढोबळमानाने आपल्या खालोखाल असलेल्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम जाते. 10 ची बोली लावली तरी क्लिक 7 रुपयांत पडू शकतो. शिवाय नुसती मोठी बोली जिंकेलच असं नाही. क्लिक झाला तरच अ‍ॅमेझॉनला पैसे मिळतात, त्यामुळे ज्या जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता जास्त तिला तो झुकतं माप देतो. मसाल्याचा रंग नीट दाखवणारा फोटो, ठळक वजन आणि बऱ्या अभिप्रायांची संख्या यांमुळे कमी बोलीतही जागा मिळते. अंधुक फोटोची भरपाई बोली वाढवून करायला गेलो तर ती फार महाग पडते.

बोलीच्या रकान्याशेजारी अ‍ॅमेझॉन एक ‘सुचवलेली बोली’ दाखवतो. नवे विक्रेते ती जशीच्या तशी स्वीकारतात, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. इतर विक्रेत्यांनी अलीकडे काय मोजून या जागा जिंकल्या, याचा तो अंदाज असतो. त्यांच्यात मोठ्या कंपन्याही असतात आणि आपल्या पाकिटामागे 100 रुपये उरतात की 30, हे त्या अंदाजाला ठाऊक नसतं. सुचवलेली बोली 16 असेल आणि आपली मर्यादा 10 असेल, तर 10 च लावावी. जागा कमी वेळा मिळेल, पण मिळेल ती परवडणारी असेल.

बोली लावताना तीन पद्धतींतली एक निवडावी लागते. बोली ठरीव ठेवायची, विक्रीची शक्यता कमी दिसली तर अ‍ॅमेझॉनला ती उतरवू द्यायची, किंवा तिला दोन्ही बाजूंना हलू द्यायचं. या तिसऱ्या पद्धतीत शोधाच्या पहिल्या पानावरच्या वरच्या जागेसाठी बोली दुपटीपर्यंत चढू शकते. त्याच जागेसाठी आपण वेगळी 50 टक्के वाढ दिलेली असेल तर 10 ची बोली आधी 15 होते आणि मग 30 पर्यंत जाऊ शकते. विक्रेता मनात 10 धरून बसलेला असतो आणि क्लिक पंचवीसला पडत असतो. पहिले काही महिने बोली फक्त उतरू देणारी पद्धत ठेवणंच शहाणपणाचं.

आता शब्दांकडे वळू, कारण खरं काम तिथेच आहे. गिऱ्हाईक आपल्या मसाल्याला काय म्हणून शोधतं, हे घरात बसून ठरवता येत नाही. म्हणून सुरुवातीला अ‍ॅमेझॉनलाच शब्द निवडू द्यायचे. याला ऑटोमॅटिक मोहीम म्हणतात. त्यात आपली जाहिरात चार प्रकारे दिसते : जवळच्या शब्दांवर, लांबच्या शब्दांवर, आपल्यासारख्याच दुसऱ्या वस्तूंच्या पानांवर आणि सोबतीला घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या पानांवर. आपल्या कुटुंबाने रोजचे 300 रुपये ठरवून दोन आठवडे अशी मोहीम चालवली असं धरू. एकूण खर्च 4,200 रुपये. क्लिक सरासरी 6 रुपयांना पडला, म्हणजे 700 क्लिक आणि त्यांतून 42 पाकिटं विकली गेली. विक्री 16,800 रुपयांची, अ‍ॅकॉस बरोबर 25. पाकिटांवर सुटलेले 4,200 जाहिरातीत गेले. ना नफा, ना तोटा. इथे पुष्कळ जण ‘जाहिरातीत काही राम नाही’ असं म्हणून मोहीम बंद करतात.

पण सर्च टर्म रिपोर्ट नावाचा एक अहवाल उतरवून घेता येतो. लोकांनी नेमकं काय टाइप केलं, त्यातून किती क्लिक झाले आणि किती पाकिटं गेली, हे त्यात ओळीओळीने दिलेलं असतं. "kanda lasun masala" आणि त्याच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांवर 220 क्लिक झाले आणि 26 पाकिटं गेली. या शब्दाने 1,320 रुपये खाल्ले आणि 2,600 कमावून दिले. "kolhapuri masala" वर 130 क्लिक, 9 पाकिटं. 780 खर्च आणि 900 कमाई, म्हणजे जेमतेम. "masala", "garam masala" अशा मोघम शब्दांवर 200 क्लिक आणि फक्त 4 पाकिटं. 1,200 गेले, 400 आले. इतर मसाल्यांच्या पानांवर 110 क्लिक, 3 पाकिटं. अहवालात या ओळींमध्ये शब्दाच्या जागी "b0" ने सुरू होणारा दहा अक्षरांचा क्रमांक दिसतो, तो त्या वस्तूचा असतो. उरलेले 40 क्लिक "masala box" आणि "masala dabba" शोधणाऱ्यांचे होते. त्यांना स्टीलचा डबा हवा होता. त्यांतून एकही पाकीट गेलं नाही, 240 रुपये मात्र गेले.

म्हणजे एकच शब्द 1,280 रुपये मिळवून देत होता आणि बाकीचे ते गिळत होते. एकूण बेरीज शून्य आल्यामुळे यातलं काहीच वरून दिसत नव्हतं. प्रत्येक शब्दाचा हिशोब वेगळा मांडायचा तो यासाठी.

इथून पुढे दुसरी मोहीम सुरू होते. तिच्यात शब्द आपण देतो. "kanda lasun masala" हा शब्द ‘एक्झॅक्ट’ प्रकारात टाकायचा, म्हणजे जाहिरात त्याच शोधावर किंवा त्याच्या अगदी जवळच्या रूपांवर दिसते. शंभर क्लिकमागे जवळजवळ 12 पाकिटं जात आहेत, तर इथली मर्यादा 11 रुपये 80 पैसे. नफा राहावा म्हणून बोली 8-9 ठेवावी. "kolhapuri masala" ची मर्यादा 6 रुपये 90 पैसे, त्याला 5 पुरेत. मोघम "masala" ची मर्यादा येते 2 रुपये. त्या भावात तिथे सहसा जागा मिळत नाही, म्हणून तो शब्द आपला नाही असं मानायचं. "box" आणि "dabba" हे शब्द ‘निगेटिव्ह’ यादीत टाकायचे, म्हणजे त्या शोधांवर आपली जाहिरात दिसणारच नाही. ऑटोमॅटिक मोहीम कमी पैशांवर चालू ठेवायची, कारण नवे शब्द तिच्याकडूनच कळतात.

मात्र एखादा शब्द निगेटिव्हमध्ये टाकण्याची घाई करू नये. शंभरात दहा जण विकत घेतात अशा चांगल्या शब्दावरही सलग दहा क्लिक कोरडे जाण्याची शक्यता 35 टक्के असते. तीस क्लिक कोरडे जाण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे दहा क्लिकनंतर काहीच ठरवता येत नाही, तिसानंतर येतं. अर्थात "masala box" साठी तीस क्लिक थांबायची गरज नाही, तिथे अर्थच वेगळा आहे. दुसरी गोष्ट अशी की क्लिकनंतर सात दिवसांत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. आज क्लिक करून गिऱ्हाईक चार दिवसांनी पाकीट मागवू शकतं. म्हणून मागच्या आठवड्याचे आकडे कच्चे समजावेत आणि त्याआधीचे बघून निर्णय घ्यावा.

मराठी विक्रेत्याने स्पेलिंगांकडे विशेष लक्ष द्यावं. लसूण हा एकच शब्द लोक "lasun", "lasoon", "lahsun" असा लिहितात, आणि हिंदी भाषक "pyaz lahsun masala" शोधतो. सप्टेंबर 2021 पासून अ‍ॅमेझॉनचं भारतातलं दुकान मराठीतही दिसतं, तेव्हा देवनागरीतले शोधही अहवालात तपासावेत. वस्तूची माहिती भरताना गिऱ्हाइकाला न दिसणारा शोधशब्दांचा एक रकाना असतो. भारतात त्याची मर्यादा 200 बाइटच्या आत आहे. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेतं, त्यामुळे ‘कांदा लसूण मसाला’ एवढंच लिहिलं तरी जवळपास पाव जागा संपते. नावात आधीच असलेले शब्द तिथे पुन्हा लिहू नयेत. ती जागा वेगळ्या स्पेलिंगांना द्यावी.

जाहिरातीने खालच्या, फुकटच्या यादीतली जागा वर सरकते का, हा प्रश्न प्रत्येक विक्रेता विचारतो. पैसे दिले म्हणून थेट सरकत नाही. पण विक्री झाली म्हणून सरकते, आणि ती विक्री जाहिरातीतून झालेली असली तरी चालते. 2016 साली अ‍ॅमेझॉनच्याच दोन अभियंत्यांनी त्यांच्या शोधाची रचना सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला होता. वस्तूंचा क्रम लावणारी यंत्रणा गिऱ्हाइकांच्या आधीच्या वागण्यावरून शिकते, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. एखादा शब्द शोधणाऱ्यांनी कशावर क्लिक केलं आणि काय विकत घेतलं, यावरून त्या शब्दासाठी कोणती वस्तू वर असावी हे ठरत जातं. नव्या पाकिटाची अडचण इथेच आहे. ते चौथ्या पानावर आहे म्हणून कुणी विकत घेत नाही, आणि कुणी घेत नाही म्हणून ते चौथ्याच पानावर राहतं. ही कोंडी फोडायला जाहिरात उपयोगी पडते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा फायदा मुख्यतः ज्या शब्दावरून विक्री होते त्या शब्दापुरता मिळतो. "kolhapuri masala" वर पाकिटं विकून "garam masala" च्या यादीत फारसं वर जाता येत नाही. म्हणून थोडं भांडवल वीस शब्दांत पातळ करण्यापेक्षा दोन-तीन नेमक्या शब्दांवर लावावं. नव्या पाकिटासाठी पहिले सहा-आठ आठवडे अशा शब्दावर अ‍ॅकॉस 25 ऐवजी 35 गेला तरी मी तो खर्च रास्त मानेन, पण त्याची रक्कम आणि शेवटची तारीख आधी वहीत लिहिलेली हवी. दोन, क्लिक पुष्कळ आणि खरेदी कमी अशी स्थिती असेल तर जाहिरातीने वर जाण्याची आशा धरू नये. लोक या वस्तूकडे येतात आणि न घेता जातात, एवढंच त्यातून नोंदलं जातं. तेव्हा जाहिरात थांबवून आधी किंमत, फोटो आणि अभिप्राय बघावेत.

आपली जागा खरंच सरकली का, हे तपासताना स्वतःच्या खात्यातून शोधू नये. पूर्वी काय बघितलं, त्याचा परिणाम निकालांवर होतो. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, एकदा मुंबईचा आणि एकदा नागपूरचा पिनकोड टाकून शोधावं आणि ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली पाकिटं वगळून आपला क्रमांक मोजावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी एवढी नोंद पुरते.

त्याहून भरवशाचं माप म्हणजे जाहिरातीचा खर्च भागिले एकूण विक्री, नुसत्या जाहिरातीतून झालेली विक्री नव्हे. समजा, एका महिन्यात जाहिरातीवर 6,000 गेले. जाहिरातीतून विक्री 30,000 आणि एकूण विक्री 60,000, म्हणजे प्रमाण 10 टक्के. पुढच्या महिन्यात खर्च तोच, जाहिरातीची विक्रीही तीच, पण एकूण विक्री 84,000 झाली. प्रमाण 7 वर आलं आणि फुकटची विक्री वाढली. हे चांगलं लक्षण. आता उलटं बघा. जाहिरातीतून विक्री 45,000 झाली आणि एकूण विक्री 60,000 वरच राहिली. अ‍ॅकॉस 20 वरून 13 वर उतरल्यामुळे अहवाल छान दिसतो, पण धंदा एका रुपयाने वाढलेला नाही. जे गिऱ्हाईक खालच्या यादीतून आपलंच पाकीट फुकटात घेत होतं, ते आता वरच्या जाहिरातीवर क्लिक करून तेच घेतं आहे. आपल्या छापाचं नाव टाइप करून येणाऱ्यांच्या बाबतीत असं फार होतं. शंका आली की त्या शब्दाची बोली दोन आठवडे निम्मी करावी. एकूण विक्री तशीच राहिली तर ते पैसे फुकट जात होते.

मसाल्याची तुलना करताना महिन्यामागे महिना ठेवून मात्र भागत नाही. मार्च ते मे हा आपल्याकडे वर्षाचा मसाला करण्याचा आणि घेण्याचा काळ. एप्रिलमध्ये विक्री वाढली ती बोलीमुळे असं मानलं तर जुलैत फसगत होते. गेल्या वर्षीचा तोच महिना समोर ठेवावा. याच हंगामात माल संपण्याचा धोकाही मोठा असतो. साठा संपला की जाहिरात आपोआप थांबते, पण विक्रीही थांबते आणि दोन महिन्यांत मिळवलेली वरची जागा त्या काळात विकत राहिलेल्यांकडे जाते. आठ दिवसांचाच माल उरला असेल तर बोली उतरवावी, नवी पाकिटं आल्यावर पुन्हा चढवावी.

शेवटी छोट्या पाकिटाबद्दल. हेच कुटुंब 100 ग्रॅमचं पाकीट 90 रुपयांना विकत असेल आणि कुरियर, कमिशन जाऊन हातात 12 रुपये उरत असतील, तर शंभरात दहा जण घेत असले तरी क्लिकची मर्यादा 1 रुपया 20 पैसे येते. त्या भावात कामाच्या शब्दांवर जागा मिळणं अवघड. अशा पाकिटावर जाहिरात करू नये. तीन-चार पाकिटांचा संच करावा किंवा अर्ध्या किलोचंच पाकीट पुढे ठेवावं, आणि लहान पाकीट फक्त त्या पानावर पर्याय म्हणून राहू द्यावं.